सातव्या पॉइंटचा भोंगा

माझा स्वभाव मुळातच संशयी. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं, गॅस बंद केला की परत येऊन बटण चाचपायचं, आणि कुणी गोड बोलायला लागलं की त्याला काय हवंय याचा आधी विचार करायचा. आई म्हणायची, "हिला देवळात प्रसाद दिला तरी वास घेऊन मग तोंडात टाकेल." नव्वदच्या दशकात साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मला नोकरी लागली, तेव्हा मात्र मला वाटलं, चला, या स्वभावाला एकदाची कुणीतरी किंमत दिली.

आमचं युनिट म्हणजे पत्र्याची एक शेड आणि सहा माणसं. साखर कारखान्यांसाठी आम्ही तापमानाची पॅनेलं बनवायचो. मिलच्या यंत्रात आठ ठिकाणी सेन्सर बसवायचे, त्यांची तापमानं एका पेटीवर लाल आकड्यांत दाखवायची, आणि कुठलंही बेअरिंग ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त तापलं की भोंगा वाजवायचा. पेटीच्या पोटात ८०८८ जातीचा प्रोसेसर असायचा, आणि त्यानं काय करायचं ते सांगणारा प्रोग्रॅम मी लिहायची. वायरिंग करणारे बाकीचे लोक मला "मॅडम" म्हणायचे आणि मागे "सीआयडी" म्हणायचे. मला दोन्ही चालायचं.

प्रोग्रॅम लिहायची सरांनी, म्हणजे मालकांनी, एक पद्धत घालून दिली होती. आधी तो पीसीवर सी भाषेत लिहायचा आणि चालवून बघायचा. पण पीसीवरचा प्रोग्रॅम जशाच्या तसा आमच्या पेटीत चालायचा नाही. पेटीत पीसी चालवणारं डॉस नव्हतं, होती ती फक्त आठ केबीची एक चिप. म्हणून सी मधली एकेक ओळ हातानं असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आज्ञांच्या भाषेत, उतरवायची. त्यासाठी फुलस्केप वही असायची. डाव्या पानावर सी, उजव्या पानावर तिची असेंब्ली. मग सर वही घेऊन बसायचे, डावीकडची ओळ वाचायचे, उजवीकडची वाचायचे, जुळलं की लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण. पान खुणांनी भरलं की चिप जाळायची, म्हणजे प्रोग्रॅम तिच्यात कायमचा उतरवायची, परवानगी. मला ही पद्धत फार आवडायची. तिच्यात कुणावरही विश्वास ठेवावा लागत नाही, असं मी नव्या मुलांना सांगत असे.

एका गळीत हंगामात सांगलीकडच्या एका कारखान्यातून फोन आला. आमचं पॅनेल बसवून दोन महिने झाले होते. तिथल्या एका मिलच्या गिअरबॉक्सचं बेअरिंग जळलं होतं. पॉइंट नंबर सात. भोंगा वाजला नाही. चीफ इंजिनिअर फोनवर म्हणाले, "आमचा ऑपरेटर भोंगा बंद करून बसला होता, आम्हाला माहिती आहे. फक्त तुमच्याकडून पॅनेल व्यवस्थित असल्याचं लेखी पाहिजे. कुणालातरी पाठवून द्या."

सरांनी मला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याच्या स्टँडवर एसटीत बसताना माझ्या मनात पॅनेलबद्दल तसूभरही शंका नव्हती. मी निघाले तीच ऑपरेटरला पकडायला. त्याआधीच्या एका कारखान्यात मी स्वतः बघितलं होतं, भोंग्याचा त्रास नको म्हणून लोक बंद करायचं बटण आगकाडी खुपसून दाबून ठेवतात आणि खुशाल चकाट्या पिटत बसतात. कराडच्या पुढे उसाच्या गाड्यांमागे आमची एसटी रांगत होती, तेवढ्या वेळात मी त्या न पाहिलेल्या माणसाला विचारायचे प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून काढले.

कारखान्याच्या गेटजवळ एक माणूस लिंबाखाली बसला होता. पन्नाशीचा, इस्त्रीची खाकी पँट, पांढऱ्या मिशा कातरलेल्या, पाठ भिंतीसारखी ताठ. माझ्या हातातली हत्यारांची पेटी बघून तो उठला आणि सॅल्यूट ठोकता ठोकता थांबला.

"साताऱ्यावनं आला व्हय, म्याडम? मीच तो. चार दिस झालं, आत घेत न्हाईत."

माजी सैनिक, फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होता. कारखान्यात सगळे त्याला हवालदारच म्हणत. त्याच्या ओठाखाली तंबाखू होती आणि बोटाला चुना. ते बोट मी नीट बघून ठेवलं.

चीफ इंजिनिअरांच्या टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. 'मी कामावर असताना भोंगा बंद ठेवला होता. माझी चूक मला मान्य आहे.' खाली सहीची रिकामी जागा.

"सही केली तर गाडीतळावर घेऊ त्याला, गाड्यांना नंबर द्यायच्या कामावर," ते म्हणाले. "नाही केली तर आज कामावरून काढायचं. चार दिवस समजावतोय. 'वाजलाच नाही' एवढंच धरून बसलाय. तुमचा रिपोर्ट आला की विषय संपला."

"त्या वेळी तो कुठे होता?"

"म्हणतो, पलीकडच्या पंपापाशी होतो. चार वाजताचं रीडिंग लिहिलंय त्यानं, सातव्या पॉइंटचं एकाहत्तर. पाचच्या आत बेअरिंग खलास. मर्यादा पंच्याऐंशी ठेवली होती. मधल्या वेळात भोंगा बोंबलायला पाहिजे होता की नाही?"

पाहिजे होता. आणि पंपापाशी ऐकू येतो का, हे मी माझ्या यादीप्रमाणे विचारलं. ते म्हणाले, भोंगा गेटवर ऐकू येतो. म्हणजे माणूस खोटं बोलतोय, मी मनात नोंद केली.

मिल हाऊसमध्ये ती मिल बाजूला काढून बाकीच्यांवर गाळप चालू होतं. मळीचा आंबूस वास आणि कानात दडे बसतील असा आवाज. पॅनेलपाशी मी एकटीच उभी राहिले आणि पोलिसासारखं बघायला लागले. बंद करायच्या बटणावर चुन्याचा पांढरा ठसा होता. टेबलाच्या खणात लॉगबुकाखाली काडेपेटीच्या पुठ्ठ्याची चार पदरी घडी सापडली, बटणाच्या फटीत बसेल एवढ्याच जाडीची. मला इतका आनंद झाला की मी ती रुमालात गुंडाळली.

चीफ साहेबांना सांगून मी हवालदाराला आत बोलावून घेतलं. तो आला आणि अटेन्शनमध्ये उभा राहिला.

"ही घडी कशाला ठेवलीय?"

"टेबलाचा पाय हलतोय, म्याडम. लिवताना अक्षर हलतं. त्याखाली घालतो."

"मग आज ती खणात कशी?"

"चार दिस मी न्हाई तर घालायची कुणी?"

"आणि बटणावर चुना?"

"आवं, भोंगा वाजला की बटन मीच दाबतो न्हवं? गेल्या महिन्यात दोन नंबर तापला, त्याच्या आदल्या आठवड्यात तीन. दोन्ही टायमाला वाजला, दोन्ही टायमाला तेल बघितलं, मग दाबलं. लिवलंय की बुकात."

लिहिलं होतं. नीट, टपोऱ्या अक्षरात, वेळेसकट. मला त्या नीटपणाचाही संशय आला. खोटं लिहिणारा माणूस खऱ्यापेक्षा नीटनेटकं लिहितो, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

चीफ साहेब म्हणाले, "मॅडम, घडी सापडली ना? लिहून टाका."

मी पेन काढलं. 'बटण दाबून ठेवल्यामुळे' इथवर लिहिलंही, आणि हात थांबला. बटण दाबून ठेवल्यामुळे काय होतं? काहीच नाही. आगकाडीचा तो प्रकार पाहिल्यावर मीच चिडून प्रोग्रॅम बदलला होता. बटण दाबल्याच्या क्षणी भोंगा थांबतो, पण दाबूनच ठेवलं तर नंतर तापलेल्या पॉइंटला तो वाजणारच. ऑपरेटर लोकांवर माझा भरवसा नव्हता म्हणून मी ती सोय करून ठेवली होती.

तरी करून बघायचं ठरवलं. कँटीनमधून स्टोव्ह आणि पाण्याची किटली मागवली. पुठ्ठ्याची घडी बटणात खुपसली. पहिला सेन्सर छातीच्या उंचीवर होता, तो उपसून उकळत्या पाण्यात धरला. आकडा चढत गेला, पंच्याऐंशी झाला आणि भोंगा असा किंचाळला की चीफ साहेबांनी कानावर हात ठेवले. घडी बटणातच होती.

"मग वायर काढून ठेवली असेल त्यानं," ते ओरडून म्हणाले. "नंतर परत जोडली."

त्याचंही उत्तर माझ्याकडे होतं. भोंग्याच्या वायरींचे स्क्रू मी नेलपॉलिशनं सील करत असे. कुणी पेचकस लावला की रंगाला चीर पडते. मी मागचं झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात बघितलं. दोन्ही स्क्रूंवर माझा गुलाबी रंग अखंड होता. साताऱ्यात मीच लावलेला, एका स्क्रूवर थोडा ओघळलेला, तसाच्या तसा.

मी झाकण बंद केलं. मी दोन सापळे लावले होते आणि दोन्ही सापळे सांगत होते की हा माणूस त्यांच्या वाटेला गेलेलाच नाही. तरी माझं मन वळेना. मला वाटलं, याला तिसरी एखादी युक्ती माहिती आहे. सिग्नलचा माणूस, वायरींशी खेळण्यात हयात गेली. मी त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता.

"म्याडम, बोलू का एक?"

"बोला."

"तुमी एक नंबर बुडवला. जळला सात नंबर. सात बुडवा की."

"अहो, प्रोग्रॅम एकच आहे. एकाला जो नियम तोच आठांना. फेरी मारतो तो, पहिल्यापासून आठव्यापर्यंत."

"आसंल. पर फौजेत लाइन तपासताना आमी टोकापातूर जातो. मदी वाजलं म्हणून माघारी येत न्हाई. माघारी आलो तर सुभेदार लय शिव्या घालायचा."

मला राग आला. कारण आम्ही साताऱ्यात नेमकं हेच करत होतो. पेटी तयार झाली की आकडे आठही पॉइंटचे बघायचे, पण भोंगा वाजतो का ते पहिल्या पॉइंटवर बघायचं आणि पेटी खोक्यात घालायची. बसवायला येणारा माणूसही तसंच करायचा, कारण पहिला हाताशी असतो. हे सगळं त्याला सांगायची मला गरज वाटली नाही. मी फक्त म्हटलं, "आणा सात."

सातवा सेन्सर बेअरिंग बदलायचं म्हणून आधीच काढून फडक्यात गुंडाळून ठेवला होता. हवालदारानं तो आणला आणि किटलीत धरायला माझ्याच हातात दिला. "माज्या हातात नको," म्हणाला, "परत माज्यावरच येयाचं." मी धरला. पेटीवरचा सातवा आकडा चढायला लागला. साठ, पंचाहत्तर, पंच्याऐंशी, नव्वद, त्र्याण्णव. भोंगा गप्प.

आम्ही तिघंही त्या लाल आकड्याकडे बघत उभे होतो. खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की यानं काहीतरी केलंय. मी सेन्सर तपासला, वायर तपासली, मर्यादेचा आकडा तपासला. सगळं ठीक.

"आठवा," मी म्हटलं.

तो गिअरबॉक्सखाली आडवा होऊन सरकला, इस्त्रीच्या पँटसकट तेलात. आठवा निघाला. गप्प. सहावा काढला, गप्प. पाचवा, गप्प. मधे दोनदा पाणी उकळायला ठेवावं लागलं. मग चौथा बुडवला आणि भोंगा फुटला. चीफ साहेब दचकले. तिसरा वाजला, दुसरा वाजला.

चारपर्यंत वाजतो आणि पाचपासून नाही. बरोब्बर निम्मे. निम्मे म्हटल्यावर पुढचं उत्तर मला वही उघडण्याआधीच कळलं होतं. तरी मी वही उघडली. रिपोर्टला जोडायची म्हणून ती मी बरोबर आणली होती. ते पान आजही माझ्याकडे आहे. डावीकडे:

for (i = 0; i < 8; i++)
    if (t[i] > limit) alarm(i);

आणि उजवीकडे माझ्याच अक्षरात:

       MOV SI, 0
AGAIN: MOV AX, T[SI]
       CMP AX, LIMIT
       JLE NEXT
       CALL ALARM
NEXT:  ADD SI, 2
       CMP SI, 8
       JL AGAIN

चीफ साहेबांनी विचारलं, काय झालं. मी त्यांना एसटीच्या बाकांचं उदाहरण देऊन सांगितलं, कारण सकाळपासून मी तीच बघत होते. समजा एसटीत दोन-दोन सीटांची आठ बाकं आहेत. सी भाषेत मोजतात ती बाकं. शून्य ते सात, आठ आलं की थांबायचं. असेंब्लीत बाकं नसतात, तिथे सीटनंबर असतात. आमचं एकेक तापमान दशांशासकट ठेवायचं म्हणून दोन बाइट घेतं, म्हणजे दोन सीटा. म्हणून पुढच्या बाकावर जायला SI मध्ये, म्हणजे सीटनंबर धरून ठेवणाऱ्या प्रोसेसरच्या कप्प्यात, रजिस्टरमध्ये, दोन मिळवायचे. ते मी बरोबर केलं होतं. पण थांबायचा आकडा मी बाकांचाच ठेवला, आठ. तो सोळा पाहिजे. माझा कंडक्टर शून्य, दोन, चार, सहा या सीटा तपासतो, आठवी सीट आली की काम झालं म्हणून घंटी मारतो. त्यानं चार बाकं बघितलेली असतात. मागची चार बाकं त्यानं कधीच बघितली नाहीत.

"पण आकडे तर आठही दिसतात," चीफ साहेब म्हणाले.

दिसतात, कारण आकडे दाखवायची फेरी वेगळी होती. तिथे फेऱ्या मोजायला मी CX हे दुसरं रजिस्टर वापरलं होतं. त्यात आठच लिहायचे असतात, आणि ते बरोबर होते. भोंग्याच्या फेरीत CX दुसऱ्या कामात अडकलं होतं, म्हणून जागा दाखवायचं आणि थांबायचं अशी दोन्ही कामं मी SI कडूनच करून घेतली. आमच्या जुन्या पेट्यांमध्ये एक तापमान म्हणजे एकच बाइट असायचा. तिथे आठ म्हणजे आठ. हाताला तीच सवय होती.

आणि त्या ओळीपुढे सरांची लाल खूण होती. डावीकडे आठ, उजवीकडे आठ. जुळलं. माझ्या लाडक्या पद्धतीत चूक इतकी छान लपली होती की सोळा लिहिले असते तर उलट सरांनी मला बोलावून विचारलं असतं, हे आठाचे सोळा कुठून झाले?

मी गेटसमोरच्या एसटीडी बूथवरून साताऱ्याला फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. 

"हे कुणाकुणाला कळलंय?"

"चीफ साहेबांना फेरीचं सांगितलंय. पण माझं बोलणं त्यांच्या डोक्यावरून गेलंय. चूक आपली, हे अजून नीट लक्षात आलेलं नाही त्यांच्या."

"मग असं कर. रिपोर्टमध्ये लिही, पाच ते आठ पॉइंटचं कनेक्शन ढिलं होतं, ते ठीक केलं. चिप आपण नंतर गुपचूप बदलू. अगं, तो हवालदारही काही धुतल्या तांदळाचा नसेल. तुला पुठ्ठा सापडला ना?"

पुठ्ठा मला सापडला होता. रुमालात होता, माझ्या पर्समध्ये. मी बूथच्या काचेतून बाहेर बघितलं. तो लिंबाखाली परत जाऊन बसला होता, पँटवर तेलाचे डाग, पाठ ताठ. कनेक्शन ढिलं असेल तर ते ढिलं कुणी केलं, हा पुढचा प्रश्न चीफ साहेब विचारणारच. कारण तो मीही विचारला असता.

"सर, ओळ मी लिहिलीय," मी म्हटलं.

"आणि खूण मी केलीय. म्हणून तर सांगतोय."

"मग दोन्ही लिहिते." आणि मी फोन ठेवला.  नोकरी जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. सर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले एवढंच.

रिपोर्ट मी चीफ साहेबांच्या टेबलावर त्यांच्यासमोर लिहिला. पाच ते आठ या पॉइंटना भोंगा पहिल्या दिवसापासून कधीच वाजू शकत नव्हता, प्रोग्रॅममधली चूक माझी, तपासणीतली चूक आमच्या युनिटची, ऑपरेटरचा काही संबंध नाही. त्यांनी तो दोनदा वाचला. मग टाइप केलेला कबुलीजबाब उचलून खणात ठेवायला लागले. माझा स्वभाव पुन्हा जागा झाला.

"तो फाडा," मी म्हटलं.

ते जरा चिडले, पण त्यांनी फाडला.

मी गेटवर जाऊन हवालदाराला सांगितलं. मला वाटलं होतं, तो मला चार शब्द सुनावेल, आणि ते मी गुपचूप ऐकणार होते.  त्यानं तंबाखू थुंकली, तोंड पुसलं आणि विचारलं, "म्हंजे वाजलाच न्हवता?"

"नाही वाजला. वाजूच शकत नव्हता."

"परत सांगा."

"भोंगा वाजला नव्हता, हवालदार."

तो खाली बसला. "चार दिस ह्यो साहेब म्हणतोय, त्यो म्हणतोय, वाजला आसंल, तुलाच ऐकू आला नसंल. घरात बायको म्हणती, कानात दडं बसल्यात का तुमच्या. म्हटलं आसंल बाबा. चोवीस वरसं हेडफोन लावून ऐकण्यातच गेली, आता कान गेला आसंल. काल रेडिओ लांब ठिवून ऐकत बसलो व्हतो, किती लांबनं ऐकू येतंय त्ये बघाया." त्यानं मान हलवली. "सही करणार व्हतो आज, म्याडम. तुमची वाट बघून करणार व्हतो."

 त्याच्यावर कारखान्यानं संशय घेतला, मी घेतला, ते एकवेळ सोडा. पण आमच्या एका आठाच्या आकड्यानं त्याला स्वतःच्या कानांचा संशय यायला लावला होता. मला लाज वाटली. मी पर्समधून रुमाल काढला आणि पुठ्ठ्याची घडी त्याला परत दिली.

तिसऱ्या दिवशी मी नवी चिप घेऊन परत गेले. आठ केबीमध्ये फक्त एक बाइट बदलला होता, 08 च्या जागी 10, चिपच्या हेक्स मोजणीत म्हणजे सोळा. युनिटमधून गेलेल्या बाकी सगळ्या पेट्यांसाठीही तशाच चिपा जाळून झाल्या होत्या. त्या सरांनी स्वतः जाळल्या. हवालदार कामावर आला होता, टेबलाखाली घडी होती आणि टेबल हलत नव्हतं. मी चिप बसवली, झाकण लावलं, त्याच्याही स्क्रूंवर नेलपॉलिश लावलं आणि म्हटलं, "झालं. आता आठही वाजतील."

"राग मानू नका, म्याडम," तो म्हणाला, "पर मी बघणार."

त्यानं किटली आधीच स्टोव्हवर ठेवली होती. तो सातव्यापासून सुरू झाला. सात वाजला, तरी त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आठ. मग सहा, पाच, चार. प्रत्येक वेळी भोंगा पूर्ण वाजू द्यायचा, बटण दाबायचं, लॉगबुकात वेळ लिहायची. एकपर्यंत आला. मी पेटी आवरायला घेतली, तर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बसा जरा." त्यानं किटलीत नवं पाणी ओतलं आणि सातवा सेन्सर पुन्हा हातात घेतला.